सोशल वर्क फर्स्ट इयर: अपंगत्वाचं मेडिकल मॉडेल आणि सोशल मॉडेल, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फील्डवर्कच्या प्लेसमेंट लागल्या की सुपरव्हिजनमध्ये हेच प्रश्न येतात, व्हॉट्सअॅपवरही येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. मी मुंबईत काम करते त्यामुळे उदाहरणं इथलीच आहेत. खाली एक केस मोठी करून सांगितली आहे, ती कुणा एकाची नाही, अनेक घरांमध्ये जे दिसतं ते एकत्र करून बनवलेली आहे.

दोन ओळीत फरक सांगा ना.

मेडिकल मॉडेल म्हणतं की अडचण त्या माणसाच्या शरीरात किंवा मनात आहे, म्हणून उपाय पण तिथेच करायचा, म्हणजे बरं करा, जमेल तेवढं नॉर्मलच्या जवळ आणा, आणि नाही जमलं तर त्याने आणि घरच्यांनी जुळवून घ्यायचं. सोशल मॉडेल म्हणतं की शरीरात जे वेगळं आहे ते आहेच, पण माणूस घरात अडकतो, शाळा सुटते, नोकरी मिळत नाही, ह्याचं कारण बऱ्याचदा बाहेर असतं: पायऱ्या, बस, फॉर्म, नियम, लोकांच्या समजुती. म्हणून उपाय बाहेर करायचा.

पण हे पाठ करून वर्गात ठीक, फील्डमध्ये त्याचा उपयोग कसा करायचा ते पुढच्या केसमध्ये बघा.

मेडिकल मॉडेल म्हणजे डॉक्टरांचं मॉडेल का? डॉक्टर चुकीचे आहेत असं म्हणायचंय का?

नाही नाही. हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. औषधोपचार आणि मेडिकल मॉडेल ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठीच्या कण्याला मार बसलेल्या माणसाला बेडसोअर झाला तर त्याला ड्रेसिंग लागतं, कधी सर्जरी लागते, तिथे कोणी सोशल मॉडेल घेऊन बसत नाही. मेडिकल मॉडेल म्हणजे तीच नजर माणसाच्या बाकीच्या सगळ्या आयुष्याला लावणं. त्याने कुठे शिकायचं, लग्न करायचं की नाही, कुठे राहायचं, काम करू शकेल का, हे सगळं त्याच्या डायग्नोसिसवरून ठरवायचं. आणि हे करणारे फक्त डॉक्टर नसतात बरं का. शाळेचे मुख्याध्यापक असतात, सोसायटीचे सेक्रेटरी असतात, आईवडील असतात, आणि सोशल वर्कर तर भरपूर असतात. उलट मी असेही डॉक्टर पाहिलेत जे ओपीडीत पहिलं विचारतात की घरापासून इथपर्यंत आलात कसे.

हे सोशल मॉडेल आलं कुठून? कोणी प्रोफेसरने काढलं का?

सुरुवात प्रोफेसरांनी नाही केली, संस्थांमध्ये ठेवलेल्या अपंग लोकांनी केली. पॉल हंट नावाचा एक ब्रिटिश माणूस होता, त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती आणि तो इंग्लंडमधल्या एका निवासी होममध्ये बरीच वर्षं राहिला. तिथे कधी झोपायचं, कधी उठायचं हे स्टाफ ठरवायचा आणि तिथल्या रहिवाशांनी त्याविरुद्ध भांडण काढलं. १९७२ मध्ये हंटने 'गार्डियन' पेपरला पत्र लिहिलं की आपल्यासारख्या लोकांनी एकत्र यायला पाहिजे, आणि त्यातून यूपियास नावाची संघटना उभी राहिली. त्यात व्हिक फिंकलस्टीन होता, मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, व्हीलचेअर वापरणारा, तिथल्या वर्णभेदी सरकारने त्याला तुरुंगात टाकलेलं. माणसांना वेगळं काढून ठेवणं म्हणजे काय हे त्याने तिथे स्वतः भोगलेलं होतं, इंग्लंडमध्ये अपंगांच्या वाट्याला येणारं वेगळेपण त्याने त्या अनुभवासकट पाहिलं. १९७६ मध्ये यूपियासने आपली तत्त्वं छापली आणि त्यात स्पष्ट लिहिलं की आमच्या इम्पेअरमेंटच्या वर समाज जे काही लादतो ते म्हणजे डिसेबिलिटी.

आता तुमच्या कामाचा भाग. ह्या विचाराला 'सोशल मॉडेल' हे नाव पक्कं केलं माइक ऑलिव्हरने. तो स्वतः व्हीलचेअर वापरायचा आणि केंट युनिव्हर्सिटीत सोशल वर्करना शिकवायचा. १९८३ मधलं त्याचं पुस्तक 'सोशल वर्क विथ डिसेबल्ड पीपल' हे नावाप्रमाणेच सोशल वर्करसाठी लिहिलेलं होतं. म्हणजे हे मॉडेल शिकवायला आणलं ते तुमच्यासारख्या लोकांना समोर ठेवून. त्याचं म्हणणं असं की सोशल वर्कर प्रत्येक वेळी व्यक्तीच्या 'अॅडजस्टमेंट'वर काम करतात, तिला झालेल्या नुकसानाचा शोक करायला मदत करतात, पण ती ज्या घरात, गावात, ऑफिसात अडकली आहे तिकडे बघतच नाहीत.

इम्पेअरमेंट आणि डिसेबिलिटी ह्यात नेमका काय फरक? दोन्ही सारखंच वाटतं.

सोशल मॉडेलमध्ये हे दोन मुद्दाम वेगळे काढलेत. इम्पेअरमेंट म्हणजे शरीराची किंवा मनाची स्थिती: पाय हलत नाही, ऐकू येत नाही, दिसत नाही. डिसेबिलिटी म्हणजे त्या स्थितीच्या माणसाला जगात जी अडवणूक होते ती. एकाच माणसाची इम्पेअरमेंट दिवसभर तीच राहते, डिसेबिलिटी मात्र जागेनुसार बदलते. व्हीलचेअरवरची मुलगी लिफ्ट असलेल्या ऑफिसात सगळ्यांसारखी काम करते, आणि संध्याकाळी एखाद्या स्टेशनवर नुसता जिनाच असला की तीच मुलगी दुसऱ्याच्या मदतीशिवाय हलू शकत नाही. तिच्या पाठीच्या कण्यात त्या आठ तासात काहीच बदललेलं नसतं.

ऑलिव्हरचे ते उलटे केलेले प्रश्न म्हणजे काय? सिनियर सांगत होते खूप महत्त्वाचे आहेत.

हो, आणि हे नीट समजलं की अर्धं मॉडेल समजलं. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये सरकारी सर्व्हे झाला अपंगांचा. त्यात प्रश्न साधारण असे होते: तुम्हाला काय त्रास आहे? कोणत्या तक्रारीमुळे तुम्हाला वस्तू धरायला, घट्ट पकडायला, फिरवायला अडचण येते? तब्येतीमुळे बसने जायला त्रास होतो का? तब्येतीमुळे तुम्हाला नातेवाईकांसोबत राहावं लागतं का? १९९० मध्ये ऑलिव्हरने हेच प्रश्न घेऊन फिरवले. समाजात काय बिघडलंय? बरण्या, बाटल्या, डब्यांच्या बनावटीत कोणता दोष आहे की त्या धरायला, उघडायला त्रास होतो? बसची बनावट वाईट आहे म्हणून तुम्हाला त्रास होतो का? तुमच्या भागातल्या सेवा इतक्या तोकड्या आहेत का की तुम्हाला नातेवाईकांवर अवलंबून राहावं लागतं?

माहिती तीच मिळते बघा, बरणी उघडत नाही, बसमध्ये चढता येत नाही, भावाकडे राहतो. पण दोष कुणाकडे जातो ते बदललं. आणि ऑलिव्हरचा पुढचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: सर्व्हेवाला एकट्या अपंग माणसाच्या घरी जातो, एकामागून एक असे प्रश्न विचारतो, आणि तो निघून जाईपर्यंत त्या माणसाला खरंच वाटायला लागतं की आपले सगळे प्रॉब्लेम आपल्या शरीरातूनच आलेत. म्हणजे तुमचा इनटेक फॉर्म फक्त माहिती गोळा करत नाही, समोरच्याला स्वतःबद्दल काहीतरी शिकवूनही जातो. होम व्हिजिटला जाताना हे लक्षात ठेवा प्लीज.

एखादी केस घेऊन दोन्ही मॉडेल दाखवा ना.

घेऊया. २६ वर्षांचा मुलगा, गोवंडीच्या बाजूला पुनर्वसनाच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो, घरी आई आणि मोठा भाऊ. गर्दीच्या वेळी लोकलमधून पडला, पाठीच्या कण्याला मार, कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. त्याआधी मोबाईल रिपेअरिंग करायचा, हात एकदम व्यवस्थित. हॉस्पिटलने तुमच्या एजन्सीकडे पाठवला कारण फाइलमध्ये लिहिलंय 'फॉलोअपला येत नाही' आणि बेडसोअर परत परत होतोय.

स्टुडंटची पहिली नोंद बहुतेक वेळा अशी येते: "क्लायंट पॅराप्लेजिक असल्यामुळे घराबाहेर पडू शकत नाही. अपंगत्वामुळे आईवर पूर्ण अवलंबून. उपचारांबाबत उदासीन. मनोबल खचलेले." आणि प्लॅन काय, तर काउन्सेलिंग, मोटिव्हेशन, आईला केअरगिव्हर ट्रेनिंग, फिजिओ चालू ठेवायला सांगणे. ह्यातलं एकेक वाक्य खोटं नाहीये, म्हणूनच ते पकडायला अवघड जातं.

आता त्याच घरी परत जा आणि तो सकाळी उठल्यापासून काय काय करतो ते त्याच्या बाजूला बसून बघा. खोलीतून पॅसेजमध्ये स्वतः व्हीलचेअर चालवत येतो. लिफ्ट आहे, चालू आहे, खाली येतो. आणि लिफ्टमधून बाहेर आलं की गेटपर्यंत जायच्या आधी तीन पायऱ्या. प्रत्येक साधारण १५ सेंटिमीटर. बस, इथेच थांबतं सगळं. दोन माणसांनी खुर्चीसकट उचललं तरच बाहेर पडता येतं. ती दोन माणसं म्हणजे भाऊ आणि शेजारचा काका, दोघं सकाळी सातला कामाला निघतात आणि रात्री येतात. ओपीडीचे केसपेपर सकाळी निघतात. रविवारी दोघं घरी असतात पण रविवारी ती ओपीडी बंद. म्हणजे ज्याला फाइलमध्ये 'उदासीन' म्हटलंय तो तीन पायऱ्या आणि दोन टाइमटेबलच्या मध्ये अडकलाय.

पुढे टॉयलेट. दाराची रुंदी ६० सेंटिमीटर, त्याची खुर्ची बाहेरून बाहेर ६५ च्या आसपास. आत जाता येत नाही म्हणून खोलीतच कमोडची खुर्ची, ती आई साफ करते. "आईवर पूर्ण अवलंबून" हे तुमच्या नोंदीतलं वाक्य ह्या पाच सेंटिमीटरमधून आलेलं आहे. दार काढून पडदा लावला आणि चौकट जरा मोकळी केली तर कितीतरी घरांमध्ये खुर्ची आत जाते, खर्च फार नसतो, पण कोणी टेप घेऊन मोजलेलंच नसतं. होम व्हिजिटला मेजर टेप न्या, हे मी प्रत्येक बॅचला सांगते.

आता नोंद परत लिहा: "लिफ्टपर्यंत स्वतः येतो. तळमजल्यावर तीन पायऱ्या, एकूण ४५ सेंमी, रॅम्प नाही. उचलणारे दोघे सकाळी ७ ते रात्री बाहेर, त्यामुळे सकाळची ओपीडी चुकते. टॉयलेटच्या अरुंद दारामुळे शौचासाठी आईची मदत लागते. मोबाईल रिपेअरिंग येतं, सध्या दुकानात जाता येत नाही." आणि प्लॅन आपोआप बदलतो: सोसायटीशी रॅम्पबद्दल बोलणे, ओपीडीच्या वेळेबद्दल हॉस्पिटलच्या सोशल वर्करशी बोलणे, दार मोजून घेणे, घरून रिपेअरिंगचं काम मिळतं का बघणे.

रॅम्प बांधणं एवढं सोपं आहे का?

नाही, आणि इथे मुलं फसतात. सोशल मॉडेल वाचून झालं की रिपोर्टमध्ये "सोसायटीने रॅम्प बांधावा" असं लिहून मोकळी होतात. हिशोब करा आधी. रॅम्पचा उतार १:१२ धरतात, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी. ४५ सेंटिमीटरला ५४० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास साडेपाच मीटर लांब रॅम्प, वर आणि खाली खुर्ची वळवायला सपाट जागा वेगळी. आपल्या इमारतींमध्ये लिफ्टपासून गेटपर्यंत एवढी सरळ जागा असतेच कुठे, तिथे बाइक लावलेल्या असतात. मग वळणाचा रॅम्प होतो का बघायचं, किंवा छोटी उभी प्लॅटफॉर्म लिफ्ट बसते का. अर्ध्या लांबीचा, म्हणजे दुप्पट तीव्र रॅम्प केला तर एकट्याने चढता येत नाही आणि उतरताना खुर्ची पुढे पलटी होऊ शकते, आणि असे नावाला केलेले रॅम्प तुम्हाला शहरभर दिसतील, त्यावरून कोणी व्हीलचेअर जात नाही, सामानाच्या ट्रॉल्या जातात.

आणि विरोध होतो. बाइकची जागा जाते, पैसे कोण देणार, "एका माणसासाठी?" असं मीटिंगमध्ये उघड बोलतात. अशा वेळी त्याच इमारतीतल्या म्हाताऱ्या आजी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका, बाबागाडी उचलून नेणाऱ्या आया ह्यांच्याशी बोला. मीटिंगमध्ये चार घरांनी मागणी केली की चर्चा बदलते. काउन्सेलिंगपेक्षा हे काम जास्त वेळखाऊ आहे आणि ह्यात यश येईलच असं नाही, पण त्या मुलाचा सेक्रेटरीशी झालेला पहिला संवाद सुद्धा त्याने स्वतः करायचा, तुम्ही त्याच्या वतीने नाही.

मग त्याचा बेडसोअर? तो पण समाजामुळे झाला का?

अर्धा हो, अर्धा नाही. संवेदना नसल्यामुळे एका जागी दाब पडलेला कळत नाही, कातडी मरते, हे शरीराचं आहे. पलंगावर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, खुर्चीत थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलावं लागतं, चांगली गादी लागते. हे त्याला शिकवणं आणि जखमेवर उपचार करणं हे मेडिकल काम आहे आणि ते झालंच पाहिजे. पण तो दिवसभर पलंगावर का पडून असतो आणि ड्रेसिंगच्या फॉलोअपला का जात नाही, ते त्या तीन पायऱ्यांमुळे. एकाच जखमेत दोन्ही गोष्टी आहेत. केस प्रेझेंटेशनमध्ये हे असं उलगडून सांगितलंत तर मला फार आनंद होईल.

रॅम्प झाला, दार रुंद झालं, काम मिळालं, तरी दुखणं राहिलं तर? सोशल मॉडेल त्याबद्दल काय म्हणतं?

फार कमी म्हणतं, आणि ही टीका बाहेरून नाही, अपंग स्त्रियांनीच आतून केलेली आहे. आपल्या केसमधल्या मुलाला रात्री पायात जळजळ होते, ज्या पायात स्पर्श कळत नाही त्याच पायात, नसांचं दुखणं आहे ते. कुठलीही सोसायटी, कुठलाही रॅम्प ते थांबवणार नाही. जेनी मॉरिस आणि लिझ क्रो ह्यांनी नव्वदच्या दशकात हेच लिहिलं की आम्ही लढ्यात दुखणं, थकवा, कमी होत जाणारी ताकद ह्याबद्दल बोलायचंच बंद केलं, कारण बोललो तर लोक परत म्हणतील बघा, शेवटी शरीराचाच प्रॉब्लेम आहे. दोघी सोशल मॉडेलच्या बाजूच्याच. त्यांचं म्हणणं होतं की मॉडेल ठेवा पण त्यात इम्पेअरमेंटलाही जागा करा. अपंगत्वाचा ब्रिटिश अभ्यासक टॉम शेक्सपिअर पुढे जाऊन म्हणाला की सगळे अडथळे काढून टाकलेलं जग बनवताच येत नाही, शरीर आणि परिस्थिती दोन्ही एकत्र बघावे लागतात.

ऑलिव्हरचं उत्तर साधारण असं की हे मॉडेल म्हणजे सगळं समजावणारी थिअरी म्हणून आणलंच नव्हतं, कामाचं हत्यार म्हणून आणलं होतं. मला दोन्ही बाजू पटतात. पण होम व्हिजिटला कोणी दुखतंय म्हणालं तर पहिलं त्याचं दुखणं ऐका, लगेच अडथळे शोधायला लागू नका.

बौद्धिक अपंगत्व किंवा मानसिक आजार असेल तर हे लागू होतं का? तिथे कुठे पायऱ्या आहेत?

तिथे अडथळे वेगळे दिसतात. बँकेचा चार पानी फॉर्म, घाईघाईत बोलणारा क्लार्क, "त्याला काय कळतंय" म्हणून आईलाच सगळे प्रश्न विचारणारा डॉक्टर, आवाज आणि ट्यूबलाइटने भरलेला वर्ग जिथे ऑटिझम असलेलं मूल दहा मिनिटं बसू शकत नाही. सोपी भाषा, चित्रं, जास्त वेळ, शांत कोपरा हे तिथले रॅम्प. पण खरं सांगायचं तर मॉडेलची सुरुवात शारीरिक अपंगत्व असलेल्यांनी केली आणि ते तिथेच सगळ्यात छान बसतं. ज्याला चोवीस तास आधार लागतो अशा माणसाबाबतीत अडथळे काढूनही बरंच काही उरतं, आणि तिथे प्रश्न येतो आधार कोण देणार आणि कुणाच्या मर्जीने, तो मोठा विषय आहे, सेकंड इयरला येईल.

आपला कायदा कुठल्या मॉडेलवर आहे?

दोन्हीवर, आणि एकाच कायद्यात! २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा काढा. त्यातली अपंग व्यक्तीची व्याख्या सांगते की दीर्घकाळची इम्पेअरमेंट आणि समाजातले अडथळे ह्यांच्या एकत्र परिणामाने जिचा इतरांच्या बरोबरीने सहभाग अडतो ती व्यक्ती. ही भाषा संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातून आली, भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. कायद्याने अडथळा म्हणजे काय ह्याचीही व्याख्या केली आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि व्याख्येतच किमान ४० टक्के अपंगत्वाची अट होती.

पण नवीन कायद्यातही ४० टक्के राहिलेच, 'बेंचमार्क डिसेबिलिटी' ह्या नावाने. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं ५ टक्के, हे त्या ४० टक्क्यांवर मिळतं, आणि ते टक्के मेडिकल बोर्ड शरीर मोजून ठरवतं. कुठे राहतो, किती पायऱ्या आहेत हे त्यात मोजत नाहीत. म्हणजे व्याख्या सोशल आणि दाराशी उभा राहणारा दाखला मेडिकल.

ह्यातून काय होतं त्याच्या दोन केसेस लक्षात ठेवा, दोन्ही सुप्रीम कोर्टाच्या. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, फेब्रुवारी २०२१. ह्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, लिहिताना हात आखडतो, त्याने लेखनिक मागितला, आयोगाने नाही म्हटलं कारण तो बेंचमार्कमध्ये बसत नव्हता. कोर्टाने सांगितलं की आरक्षणासाठी ४० टक्के लागतात, पण लेखनिकासारखी योग्य ती सोय मिळायला ती अट लावता येणार नाही. दुसरी २०२४ ची, आपल्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याची. बोलण्यातलं अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर होतं म्हणून तो एमबीबीएसला अपात्र ठरला, म्हणजे ज्या आकड्याने आरक्षण मिळतं त्याच आकड्याने सीट जात होती. कोर्टाने म्हटलं नुसत्या टक्क्यांवरून अपात्र ठरवता येणार नाही, तो अभ्यासक्रम प्रत्यक्षात करू शकतो का ते बोर्डाने बघायला हवं.

चॅरिटी मॉडेल म्हणजे तिसरं का?

हो, बरेच जण वेगळं मोजतात. अपंग माणूस बिचारा आहे, आपण दान करू, पुण्य मिळेल, असं. मेडिकल मॉडेलशी त्याचं चांगलं जमतं कारण दोन्हीकडे अपंग माणूस घेणारा आणि बाकीचे देणारे. ३ डिसेंबरला, जागतिक दिनाला, स्टेजवर बोलावून व्हीलचेअर वाटप आणि फोटो होतात ना, ते बघा. त्या व्हीलचेअर बहुतेक वेळा एकाच मापाच्या असतात आणि माप न घेता दिलेली खुर्ची बेडसोअर वाढवू शकते.

मी रिपोर्ट लिहिलाय, कुठल्या मॉडेलमध्ये लिहिलाय हे कसं ओळखू?

एक साधी गोष्ट करा. पेन्सिल घ्या आणि रिपोर्टमधला प्रत्येक 'मुळे' गोल करा. त्याच्या आधी काय आलंय बघा. अपंगत्वामुळे, आजारामुळे, अशिक्षितपणामुळे, न्यूनगंडामुळे, असेच सगळे असतील तर तुम्ही मेडिकल मॉडेलमध्ये आहात, कितीही चांगल्या भावनेने लिहिलं असलं तरी. मग प्रत्येक गोलासाठी विचारा, ह्याच शरीराचा माणूस दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या शाळेत असता तर हे वाक्य खरं राहिलं असतं का? नसतं, तर कारण बदला.

आणि उलटी चूक पण तपासा. 'समाजाच्या मानसिकतेमुळे' असं तीनदा आलं असेल तर तेही खोडा, कारण समाजाच्या मानसिकतेला पत्र पाठवता येत नाही. अडथळा कुठला, केवढा, कुणाच्या अखत्यारीत आणि त्याऐवजी काय चालेल, एवढं लिहिता आलं पाहिजे.

परीक्षेत 'कोणतं मॉडेल चांगलं' आलं तर?

एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला झोडपू नका. व्याख्या, १९७६ आणि १९८३ चा संदर्भ, एक केस दोन्ही बाजूंनी, मॉरिस आणि क्रोची टीका, आपल्या कायद्यातली ४० टक्क्यांची ओढाताण. जागतिक आरोग्य संघटनेचं २००१ चं आयसीएफ वर्गीकरण शरीर आणि परिस्थिती दोन्ही एकत्र मोजायचा प्रयत्न करतं, ते एका ओळीत लिहा.

पण क्लायंटला दाखला हवाय, पेन्शन हवी, तिथे तर मेडिकल भाषाच लागते. मग?

लागते आणि बिनधास्त वापरा. यूडीआयडी कार्ड म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, संजय गांधी निराधार योजना, प्रवासाची सवलत, ह्या सगळ्यासाठी डायग्नोसिस आणि टक्के लागणारच, तिथे तत्त्वासाठी क्लायंटचे पैसे अडकवू नका. कागद कुणाकडे जातोय ते बघून भाषा ठरवा. मेडिकल बोर्डासाठी: कण्याची दुखापत, पातळी कोणती, कमरेखाली हालचाल आणि संवेदना नाही, लघवीवर नियंत्रण नाही, बेडसोअरचा इतिहास, जोडलेले रिपोर्ट. सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी: लिफ्ट ते गेट तीन पायऱ्या, उंची ४५ सेंटिमीटर, उपलब्ध जागा इतकी, दोन पर्याय आणि त्यांचे अंदाजे खर्च, मागणी करणारी घरं इतकी. सोसायटीच्या पत्रात त्याचं डायग्नोसिस घालू नका, तो रॅम्प मागतोय, त्यासाठी त्याच्या कॅथेटरबद्दल अख्ख्या कमिटीला कळायची काही गरज नाही. आणि दोन्ही कागद पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवा, त्याने सांगितलेले बदल करा आणि सही त्याची घ्या.